टोपो सर्व्हेच्या अहवालात या चुका टाळा: ‘एमएसएल’ लिहून डेटम सांगितला असं होत नाही

टोपोग्राफिक सर्व्हेच्या अहवालात नियंत्रण बिंदूंचं प्रकरण बहुतेकदा एका पानात उरकलेलं असतं. ‘सर्व लेव्हल एमएसएलवर, कोऑर्डिनेट्स यूटीएममध्ये, अचूकता ±१० मिमी.’ या तीन वाक्यांवर पुढे कोणीतरी पाइप टाकणार असतं आणि त्यातलं एकही वाक्य त्याला पुरत नाही. एमएसएल म्हणजे सरासरी समुद्रपातळी, यूटीएम म्हणजे नकाशाची ग्रिड, आणि डेटम म्हणजे उंची जिथून मोजायची ती शून्य पातळी. एक उदाहरण घेऊन पाहू. त्यातल्या लेव्हल समजण्यापुरत्या धरल्या आहेत, पण अशी कामं पुण्याच्या आसपास नेहमी निघतात.

समजा, वस्तीपासून नदीकाठच्या जुन्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रापर्यंत २.४ किलोमीटरची ड्रेनेज लाइन टाकायची आहे. पाणी पंपाशिवाय, उतारावर जाणार. उतार १:५००, म्हणजे एकूण ४.८ मीटर. केंद्र आधीच बांधलेलं आहे, त्याच्या जुन्या ड्रॉइंगवर इनलेटची लेव्हल ५४१.२५० आहे. पूररेषेचा नकाशाही हातात आहे. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. केंद्राजवळ लाल रेषेची लेव्हल ५४५.६०० धरू.

चूक पहिली: उंची कुठून आली ते न लिहिणं

सर्व्हेअरने भारतीय सर्वेक्षण विभागाच्या सीओआरएस या कायमस्वरूपी उपग्रह-संदर्भ केंद्रांच्या जाळ्यावरून डीजीपीएसने नियंत्रण बिंदू बसवले. डीजीपीएस देतो ती उंची एलिप्सॉइडपासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते, आणि आपल्याकडे एलिप्सॉइड समुद्रसपाटीच्या पातळीच्या बराच वर आहे. महाराष्ट्राच्या या भागात दोन्हींत ६० ते ७० मीटरचा फरक पडतो. तो विसरला तर लेव्हल इतक्या उघड चुकतात की कोणाच्याही लगेच लक्षात येतं, म्हणून ती चूक फारशी टिकत नाही.

टिकते ती पुढची. सॉफ्टवेअरमध्ये ईजीएम २००८ हे जिऑइडचं, म्हणजे समुद्रपातळीच्या पृष्ठभागाचं, जागतिक मॉडेल निवडलं, उंची ५५२ च्या आसपास आली, ती बरोबर दिसली आणि अहवालात ‘एमएसएल’ असं लिहिलं गेलं. जागतिक मॉडेलमधून आलेली उंची आणि लेव्हलिंगने ठरलेल्या बेंचमार्कची, म्हणजे नोंदलेल्या लेव्हलच्या पक्क्या खुणेची, उंची यांत काही दशांश मीटरचा फरक सहज निघतो. आपल्या उदाहरणात वस्तीजवळच्या सरकारी बेंचमार्कची नोंदलेली लेव्हल ५५१.८९५ आहे आणि मॉडेलमधून ५५२.२७५ येते. म्हणजे सगळं काम ३८० मिमी वर गेलं.

या फरकाचा घातकपणा असा की कामाच्या आत तो दिसतच नाही. सगळे बिंदू सारखेच वर गेले की उतार बरोबर, कॉन्टूर बरोबर, खोदाईचं मोजमापही बरोबर. तो उघडा पडतो फक्त बाहेरच्या आकड्याशी गाठ पडते तिथे, आणि इथे तशा दोन गाठी आहेत. डिझायनरने पाइप केंद्रापाशी ५४१.३०० वर आणला, म्हणजे त्याच्या हिशोबाने इनलेटच्या ५० मिमी वर. केंद्राच्या टोकाला फरक थोडा वाढून ४२५ मिमी झाला आहे असं धरा. मग तो पाइप जुन्या ड्रॉइंगच्या भाषेत प्रत्यक्षात ५४०.८७५ वर येतो, इनलेटच्या ३७५ मिमी खाली. मैलापाणी चढावर जाणार नाही. त्याच जागी मॅनहोलचं झाकण सर्व्हेत ५४५.९०० आहे, लाल रेषेच्या ३०० मिमी वर. प्रत्यक्षात ते ५४५.४७५ वर, म्हणजे रेषेखाली आहे.

वस्तीपाशी ३८० आणि केंद्रापाशी ४२५, हा बदलता फरकही महत्त्वाचा. एकाच बेंचमार्कवर सगळ्या लेव्हल उचलून बसवल्या तर दुसऱ्या टोकाला ४५ मिमी उरतात. म्हणून दोन्ही टोकांना लेव्हलिंगने ठरलेला बिंदू हवा.

अहवालात ‘एमएसएल’ऐवजी हे लिहावं: कोणत्या बेंचमार्कवरून सुरुवात केली, त्याची नोंदलेली लेव्हल किती, ती कोणत्या खात्याकडून आणि कोणत्या कागदावरून मिळाली, आणि ती १९०९ च्या भारतीय उंची-डेटमवर आहे की २००९ च्या. हे ठाऊक नसेल तर खात्याला विचारावं. मुंबईत काम असेल तर आणखी एक प्रश्न येतो. महापालिकेची कित्येक ड्रॉइंग टाउन हॉल डेटमवर आहेत आणि त्यावर सरासरी समुद्रपातळीच सुमारे २४ मीटरवर येते. तिथे निदान फरक मोठा असल्याने गफलत लवकर सापडते. पुण्याच्या उदाहरणातले ३८ सेंटिमीटर मात्र जमिनीत पाइप पडेपर्यंत लपून राहू शकतात.

चूक दुसरी: क्लोजरलाच अचूकता म्हणणं

सर्व्हेअरने पुढे ऑटो लेव्हलने वस्तीपासून केंद्रापर्यंत आणि परत असं ४.८ किलोमीटरचं लेव्हलिंग केलं. निविदेतली मर्यादा ±१२√K मिमी, K म्हणजे किलोमीटर. ४.८ चं वर्गमूळ साधारण २.१९, म्हणजे मर्यादा २६ मिमी. क्लोजर, म्हणजे परत आल्यावर सुरुवातीच्या लेव्हलशी उरलेला फरक, ९ मिमी आलं. काम उत्तम आहे, पण या ९ मिमीने सांगितलं काय? इतकंच, की वाटेत वाचनात मोठी चूक झाली नाही.

निघालो त्याच बेंचमार्कवर परत आलो तर त्या बेंचमार्कची लेव्हलच चुकीची असली, रस्ता रुंद करताना त्याचा दगड हलला असला किंवा नोंदीतला एक आकडा चुकीचा उतरवला असला, तरी क्लोजर तेवढंच छान येतं. स्टाफची मापनपट्टी किंचित ताणलेली असेल तर तीही जाता-येता एकमेकांना खाऊन टाकते. हे दोष फक्त दुसऱ्या, स्वतंत्र बेंचमार्कला गाठल्यावर दिसतात. म्हणून अहवालात दोन आकडे वेगळे लिहावेत: लूपचं क्लोजर किती, आणि दुसऱ्या बेंचमार्कवर नोंदलेली व मोजलेली लेव्हल यांत फरक किती. दुसरा बेंचमार्क सापडला नसेल तर ‘सुरुवातीच्या बेंचमार्कची स्वतंत्र पडताळणी झालेली नाही’ हे वाक्य स्पष्ट लिहावं. मी तर म्हणेन, डिझायनरच्या दृष्टीने त्या पानावरचं सर्वांत मोलाचं वाक्य तेच आहे.

दुसरा गोंधळ असा की ९ मिमी ही टीबीएमची, म्हणजे कामापुरत्या बसवलेल्या तात्पुरत्या बेंचमार्कची, गोष्ट. नकाशावरच्या हजारो बिंदूंची नाही. ते बिंदू आरटीकेने, म्हणजे उपग्रहांवरून जागेवरच लगेच स्थान देणाऱ्या पद्धतीने, घेतलेले आहेत. उपकरणाच्या माहितीपत्रकात उंचीसाठी १५ मिमी आरएमएस लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, साधारण तीनपैकी दोन बिंदू या मर्यादेत. शंभरातले ९५ बिंदू ज्या मर्यादेत येतील ती हवी असेल तर आकडा जवळपास दुप्पट, म्हणजे ±३० मिमी होतो, तोही मोकळ्या आकाशाखाली. अहवालात ± लिहिलं आणि किती टक्के ते लिहिलं नाही तर वाचणारा ती पक्की हमी समजतो.

आता डिझायनरचा हिशोब पाहा. दोन मॅनहोलमध्ये ३० मीटर अंतर, १:५०० ने ६० मिमी उतार. दोन्ही टोकं आरटीकेने मोजली तर दोन बिंदूंमधल्या फरकाची अनिश्चितता ३० × √२, म्हणजे सुमारे ±४२ मिमी. साठात बेचाळीस! जुन्या मॅनहोलला जोडायचं असेल आणि त्याची इन्व्हर्ट, म्हणजे आतल्या तळाची, लेव्हल अशी घेतली असेल, तर उतार आहे की नाही हेच सांगता येत नाही. अशा बिंदूंची लेव्हल जवळच्या टीबीएमवरून ऑटो लेव्हलनेच घ्यावी आणि अहवालात त्यांची यादी वेगळी द्यावी. शेतातल्या नांगरटीच्या जमिनीवर मात्र ±५० मिमी पुरतं, तिथे काठीचं टोकच मातीत रुततं. बाभळीच्या रानात बिंदू घेताच आले नसतील तर तो तुकडा नकाशावर आडव्या रेघांनी दाखवावा. नाहीतर कॅड प्रोग्रॅम आजूबाजूच्या बिंदूंवरून तिथेही पृष्ठभाग ओढतो आणि तीन दशांश स्थळांची लेव्हल दाखवतो, डिझायनरला ती मोजलेली वाटते.

चूक तिसरी: नकाशावरचं अंतर आणि जमिनीवरचं अंतर एकच धरणं

ही थोडक्यात. पुणे यूटीएमच्या ४३ व्या पट्ट्यात येतं (EPSG:32643). तिथला ग्रिडचा स्केल फॅक्टर आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांचा एकत्रित परिणाम साधारण ०.९९९७० येतो. म्हणजे जमिनीवरच्या एका किलोमीटरमागे ग्रिडवर ३० सेंटिमीटर कमी, आणि आपल्या लाइनमध्ये ७२ सेंटिमीटर. उताराला याने धक्का लागत नाही, पण टोटल स्टेशनने आखणी करणाऱ्याच्या हातात ड्रॉइंगची लांबी आणि जमिनीची लांबी जुळत नाही. मग दोष यंत्राला दिला जातो.

खरी आपत्ती तिथे येते जिथे कोणी न सांगता सगळे कोऑर्डिनेट्स ०.९९९७० ने भागून ‘जमिनीवरचे’ करतो. पुण्याचा नॉर्थिंग, म्हणजे उत्तरेकडचा निर्देशांक, सुमारे २०,४६,००० मीटर आहे. त्यामुळे बिंदू उत्तरेला ६०० मीटरहून जास्त सरकतो, आणि आकडे मात्र यूटीएमसारखेच दिसतात. स्केल करायचंच असेल तर जागेवरच्या एका बिंदूभोवती करावं, कोऑर्डिनेट्सचे पुढचे अंक काढून ते मुद्दाम वेगळे दिसतील असे करावेत, आणि तो बिंदू व फॅक्टर अहवालात लिहावा.

याच ओळीत निर्देशांक कोणत्या वर्षाच्या स्थितीचे हेही हवं. भारतीय भूपट्ट जागतिक चौकटीत दरवर्षी सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. जुन्या ठरलेल्या वर्षाच्या सीओआरएस निर्देशांकांवर आजच्या स्थितीत सोडवलेला बिंदू ठेवला की डेसिमीटरांचा फरक पडतो, आणि लोक तो उपकरणात शोधत बसतात.

अहवालातला परिच्छेद कसा दिसावा

आपल्या उदाहरणासाठी मी असा लिहीन:

‘उंचीचा आधार: वस्तीजवळचा सरकारी बेंचमार्क, नोंदलेली लेव्हल ५५१.८९५, खात्याच्या पत्रानुसार. केंद्राजवळच्या दुसऱ्या बेंचमार्कवर मोजलेली व नोंदलेली लेव्हल यांत ११ मिमी फरक. ४.८ किमी लूपचं क्लोजर ९ मिमी, मर्यादा २६ मिमी. टीबीएम, जुने मॅनहोल आणि केंद्राचा इनलेट ऑटो लेव्हलने, परिशिष्टात यादी. इतर पक्क्या पृष्ठभागावरचे बिंदू ±३० मिमी, शेतजमीन ±५० मिमी, दोन्ही ९५ टक्के पातळीवर. रेघा ओढलेल्या भागात मोजणी नाही. केंद्राच्या जुन्या ड्रॉइंगवरील इनलेट ५४१.२५०, प्रत्यक्ष मोजणीत ५४१.२३८. नकाशा ग्रिड अंतरात, फॅक्टर ०.९९९७०. दोन शेजारच्या बिंदूंमधल्या १०० मिमीपेक्षा कमी फरकावर उतार ठरवायचा असल्यास परिशिष्टातील बिंदूच वापरावेत.’

इनलेटचं प्रत्यक्ष मोजमाप वगळू नका. जुन्या ड्रॉइंगचा डेटम कागदावरून कळत नसेल तेव्हा तिथे स्टाफ लावणं हाच त्याचा उलगडा आहे.

नकाशा आधीच देऊन झाला असेल तर

नंतर लक्षात आलं की लेव्हल जागतिक मॉडेलवरच्या आहेत, तर फाइलमधले आकडे गुपचूप बदलू नका. डिझायनरकडे जुनी प्रत आहे, पाइपची प्रोफाइल त्यावर काढून झाली आहे. दोन्ही टोकांच्या बेंचमार्कवर फरक मोजा. आपल्या उदाहरणात ३८० आणि ४२५ असे दोन वेगळे आकडे मिळतील, तेव्हा एकच आकडा वजा करून भागणार नाही. लाइनच्या लांबीनुसार फरक वाटून सुधारित लेव्हल काढा, आवृत्ती क्रमांक बदला, आणि पत्रात जुन्या व नव्या लेव्हलचा तक्ता निदान दोन टीबीएम, इनलेट आणि लाल रेषेजवळचं मॅनहोल यांसाठी द्या. डिझायनरने पहिल्यांदा पाहायची जागा तीच: पाइपचं केंद्राकडचं टोक.