उलट्या दिशेचे दोन उतार जुळवून १.२५ व्होल्टचा स्थिर संदर्भ कसा तयार करावा

ट्रान्झिस्टर तापला की त्याचा बेस-एमिटर व्होल्टेज उतरतो. हा उतार इतका भरवशाचा असतो की काही थर्मामीटर त्याच्यावरच चालतात. मग ज्याला तापमानाची अजिबात पर्वा नाही असा व्होल्टेज याच ट्रान्झिस्टरमधून कसा काढायचा? उतरणाऱ्या व्होल्टेजला तितक्याच वेगाने चढणारा दुसरा व्होल्टेज जोडून. डेव्हिड हिल्बिबर यांनी १९६४ मध्ये ही दिशा दाखवली, बॉब विड्लर यांनी ती चिपवर आणली आणि पॉल ब्रोकॉ यांनी १९७४ मध्ये दोन ट्रान्झिस्टरांची एक देखणी मांडणी प्रसिद्ध केली. इथे आपण ब्रोकॉंची मांडणीच ब्रेडबोर्डवर उभी करू, कारण तिच्यात दोन्ही व्होल्टेज वेगवेगळे मोजता येतात आणि एकाचा उतार दुसऱ्याचा चढ कसा खाऊन टाकतो हे मीटरवर दिसतं.

आधी दोन्ही उतार आकड्यांत मांडा

पहिला व्होल्टेज म्हणजे सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर व्होल्टेज. आपण जो ट्रान्झिस्टर वापरणार आहोत त्यात सुमारे ८० मायक्रोअँपिअर वाहताना तो २७ अंश सेल्सिअसला ०.६५ व्होल्टच्या आसपास असतो आणि दर अंशाला जवळजवळ २ मिलिव्होल्टनी कमी होतो.

दुसरा व्होल्टेज थोडा लपलेला आहे. दोन सारखे ट्रान्झिस्टर घेऊन एकातून दुसऱ्याच्या आठपट करंट सोडला, तर दोघांच्या बेस-एमिटर व्होल्टेजमध्ये फरक पडतो. ट्रान्झिस्टरच्या घडणीतल्या सगळ्या भानगडी या वजाबाकीत निघून जातात आणि मागे फक्त हे उरतं:

```
dVBE = (kT/q) * ln(8)
300 K ला: 25.85 mV * 2.079 = 53.8 mV
```

सूत्रात T म्हणजे केल्व्हिनमधलं तापमान. म्हणजे हा फरक तापमानाच्या थेट प्रमाणात वाढतो, दर अंशाला ०.१७९ मिलिव्होल्टनी. दिशा हवी तशी उलटी आहे, पण वेग फारच कमी. २ ला ०.१७९ ने भागलं की ११.१६ येतात. हा फरक ११.१६ पट करून पहिल्या व्होल्टेजमध्ये मिळवला की दोन्ही उतार एकमेकांना मारतात.

बेरीज करून पाहा. २७ अंशाला ६५० मिलिव्होल्ट अधिक ५३.८ च्या ११.१६ पट, म्हणजे ६००. एकूण १२५०. आता ६० अंशाला पाहा. पहिला व्होल्टेज ६६ मिलिव्होल्टनी उतरून ५८४ वर आलेला असतो. फरक ५९.७ झालेला असतो, त्याचे ११.१६ पट म्हणजे ६६६. बेरीज पुन्हा १२५०.

हा १.२५ चा आकडा आपण निवडलेला नाही, तो सिलिकॉनकडून आला आहे. बेस-एमिटर व्होल्टेजची उतरती रेघ मागे शून्य केल्व्हिनपर्यंत वाढवली तर ती १.२ व्होल्टच्या थोडी वर जाऊन टेकते. सिलिकॉनच्या ऊर्जापट्ट्यांमधल्या अंतराशी जुळणारा हा आकडा आहे. चढणारी रेघ शून्य केल्व्हिनला शून्यातूनच निघते, म्हणून तिने उतार भरून काढला की बेरीज त्या आकड्याजवळच येऊन स्थिरावते. LM317 चा संदर्भ १.२५ व्होल्ट असतो तो याच कारणाने.

ट्रान्झिस्टर एकाच चिपवरचे घ्या

इथे काटकसर करू नका. दोन सुटे ट्रान्झिस्टर शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांच्या तापमानात एका अंशाचा फरक पडला, तर ५३.८ मिलिव्होल्टच्या फरकात २ मिलिव्होल्टची चूक शिरते. ती अकरापट होऊन आउटपुटवर २२ मिलिव्होल्ट होते. CA3046 या चिपमध्ये पाच एनपीएन ट्रान्झिस्टर एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर असतात. त्यातले दोन पूर्ण सुटे आहेत, तेच वापरा. Q1 साठी बेस ६, एमिटर ७, कलेक्टर ८ या पिना, आणि Q2 साठी बेस ९, एमिटर १०, कलेक्टर ११. पिन १३ ही चिपच्या तळाशी जोडलेली आहे, ती ग्राउंडला जोडायलाच हवी.

जोडणी

५ व्होल्टचा पुरवठा घ्या. Q2 च्या कलेक्टरपासून पुरवठ्यापर्यंत १०० किलोओहम लावा. Q1 च्या कलेक्टरला त्याच्या आठव्या हिश्शाचा, म्हणजे १२.५ किलोओहमचा रेझिस्टर हवा. तो बाजारात शोधत बसू नका. त्याच पट्टीतले १०० किलोओहमचे आठ रेझिस्टर समांतर लावा. एका पट्टीतले रेझिस्टर सहसा एकमेकांशी चांगले जुळतात आणि एकसारखेच तापतात, त्यामुळे आठचं गुणोत्तर तुम्हाला जवळजवळ फुकटात मिळतं.

दोन्ही बेस एकत्र जोडा, हेच आपलं आउटपुट. Q1 चा एमिटर एका बिंदूवर आणा, त्याला A म्हणू. Q2 च्या एमिटरपासून A पर्यंत R2 लावा आणि A पासून ग्राउंडपर्यंत R1.

आता ऑप-अ‍ॅम्प. कलेक्टर ४ व्होल्टच्या आसपास राहणार आहेत, म्हणून ५ व्होल्टवर चालताना ज्याचं इनपुट वरच्या पुरवठ्यापर्यंत पोचतं असाच घ्या. MCP6002 चालतो. त्याच्या अधिक इनपुटला (पिन ३) Q1 चा कलेक्टर, उणे इनपुटला (पिन २) Q2 चा कलेक्टर आणि पिन १ थेट बेसना. पिन ८ ला पुरवठा, पिन ४ ग्राउंडला, आणि या दोन पिनांच्या मध्ये १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. ऑप-अ‍ॅम्पचा उरलेला अर्धा भाग लोंबकळत ठेवू नका: पिन ५ आउटपुटला जोडा, ६ आणि ७ एकमेकांना.

दोन्ही कलेक्टर एकाच व्होल्टेजवर येईपर्यंत ऑप-अ‍ॅम्प बेस वरखाली करतो. ते सारखे झाले की Q1 मधून Q2 च्या बरोबर आठपट करंट वाहत असतो, आणि ५३.८ मिलिव्होल्टचा तो फरक R2 वर येऊन बसतो.

किमती काढा

Q2 मधून १० मायक्रोअँपिअर हवेत, म्हणून R2 = ५३.८ मिलिव्होल्ट भागिले १० मायक्रोअँपिअर, म्हणजे ५.३८ किलोओहम. R1 मधून दोन्हींचे मिळून ९० मायक्रोअँपिअर जातात आणि त्याच्यावर ६०० मिलिव्होल्ट पडायला हवेत, म्हणजे ६.६७ किलोओहम. R2 साठी ५.३६ किलोओहमचा एक टक्क्याचा मेटल फिल्म रेझिस्टर घ्या. R1 साठी ६.२ किलोओहम आणि त्याच्याशी सिरीजमध्ये १ किलोओहमचा ट्रिमपॉट लावा.

रेझिस्टर तापमानाबरोबर थोडे बदलतातच, पण आउटपुटमध्ये येतं ते R1 आणि R2 चं गुणोत्तर. म्हणून दोन्ही एकाच जातीचे असणं हे दोन्ही फार अचूक असण्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

शून्यावर अडकू देऊ नका

या सर्किटला दोन स्थिती मान्य आहेत. एक आपल्याला हवी ती. दुसरीत आउटपुट शून्य, दोन्ही ट्रान्झिस्टर बंद, दोन्ही कलेक्टर ५ व्होल्टवर सारखेच आणि ऑप-अ‍ॅम्पला काही करण्याचं कारणच नाही. कुठल्या स्थितीत जायचं हे तेव्हा त्याच्या ऑफसेटच्या चिन्हावर ठरतं, म्हणून एका चिपने चालू होणारं सर्किट दुसऱ्या चिपने मुकं राहतं. आउटपुट शून्याजवळ आणि दोन्ही कलेक्टर ५ व्होल्टवर दिसले तर दोष हाच समजा.

Q2 च्या कलेक्टरपासून ग्राउंडपर्यंत १० मेगाओहम लावा. सगळं बंद असताना तो त्या कलेक्टरला ५० मिलिव्होल्ट खाली ओढतो. MCP6002 चा ऑफसेट जास्तीत जास्त ४.५ मिलिव्होल्ट असतो, त्यामुळे सुरुवात पक्की होते. याची किंमत म्हणजे चालू स्थितीत आउटपुट सुमारे ३३ मिलिव्होल्टनी वर सरकतं. पुढच्या पायरीत ते ट्रिमपॉटने भरून निघतं.

तापवा आणि उतार सपाट करा

पुरवठा द्या आणि आधी R2 वर मीटर लावा. खोलीच्या तापमानाला ५४-५५ मिलिव्होल्ट दिसले तर जोडणी बरोबर आहे. ४० किंवा ७० दिसले तर ट्रिमपॉटला हात लावू नका, आधी १०० किलोओहमचे नऊही रेझिस्टर तपासा. एखादा नीट बसलेला नसतो.

मग आउटपुट मोजून लिहून ठेवा. थर्मामीटरचा प्रोब चिपच्या पाठीवर चिकटवा, हेअर ड्रायर लांब धरून चिप ६० अंशांच्या आसपास न्या आणि आकडा थांबेपर्यंत वाट पाहा. तापल्यावर आउटपुट उतरलं असेल तर चढणारा भाग कमी पडतो आहे, R1 वाढवा. चढलं असेल तर R1 कमी करा. किती, याचा अंदाज असा घ्या: ११.१६ च्या जागी गुणक १० असेल तर ३३ अंशांत आउटपुट साधारण सात मिलिव्होल्टनी उतरतं. प्रत्येक फेरीआधी चिप पुन्हा थंड होऊ द्या, घाईत घेतलेला आकडा चुकीच्या दिशेला नेतो.

एक मोह टाळा. ट्रिमपॉट फिरवून आउटपुट बरोबर १.२५० वर आणायचं नाही, उतार सपाट करायचा आहे. तुमच्या चिपला सपाटी १.२३ वर मिळाली तर तिचा आकडा तोच.

ब्रोकॉंची मांडणी मला जास्त आवडते ती ऑफसेटमुळे. ऑप-अ‍ॅम्प दोन डायोडांच्या फरकावर थेट नजर ठेवतो अशीही एक प्रचलित मांडणी आहे. तिथे २ मिलिव्होल्टचा ऑफसेट सरळ ५३.८ मध्ये मिसळतो आणि आउटपुटवर २२ मिलिव्होल्ट होतो. इथे तोच ऑफसेट कलेक्टर रेझिस्टरवरच्या १ व्होल्टच्या तुलनेत मोजला जातो. करंटचं गुणोत्तर ०.२ टक्के बिघडतं आणि आउटपुटवर जेमतेम दीड-पावणेदोन मिलिव्होल्ट दिसतो.

सपाटी कुठे संपते

बेस-एमिटर व्होल्टेजची रेघ अगदी सरळ नसते, तिला हलकासा बाक असतो. फरकाची रेघ मात्र सरळ असते, त्यामुळे गुणक कितीही नीट जुळवला तरी तो बाक उरतोच. २७ अंशाला सपाट केलेलं आउटपुट १२५ अंशाला सुमारे ४ मिलिव्होल्ट खाली असतं आणि उणे ४० अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट खाली. दोन्ही टोकांना आउटपुट खालीच गेलेलं दिसलं तर ती तुमच्या जुळवणीतली चूक नाही, आणि R1 फिरवून ती जाणारही नाही. एका टोकाला वर आणि दुसऱ्या टोकाला खाली दिसलं, तर मात्र अजून R1 जुळवायला जागा आहे.