फोटोतला बूट डुप्लिकेट आहे की नुसता सारखा दिसणारा?

सांगलीत विश्रामबागला ट्रेडमार्कची कामं पाहणाऱ्या एका वकिलांच्या ऑफिसात मी आहे. कंपन्यांची माणसं मिरज, तासगाव, विट्याच्या दुकानांतून मालाचे फोटो काढून पाठवतात आणि विचारतात, हा आमचा नकली माल आहे का? एलएलबी करून नव्याने आलेली मुलं असा फोटो बघितला की लगेच ‘डुप्लिकेट’ म्हणून मोकळी होतात. या कामात येऊ पाहणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात कळायला हवं ते इथे लिहिते.

फोटोला दोन वेगवेगळे प्रश्न विचारायचे असतात. पहिला, हा माल दुसऱ्याचं नाव किंवा चिन्ह जसंच्या तसं लावून ‘मी तोच आहे’ म्हणतोय का? तसं असेल तर तो नकली, आणि तो फौजदारी मामला आहे. दुसरा, नाव स्वतःचंच आहे, पण एकूण रूप असं आहे का की गिऱ्हाईक फसेल? हा बहुतेक वेळा दिवाणी दावा असतो. आणि दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं, तर तो कायद्यात बसणारा, फक्त सारखा दिसणारा माल. या दोन प्रश्नांसाठी बघायची रीत एकमेकींच्या उलट आहे, आणि नवी मुलं नेमकी इथे अडकतात.

नकली ओळखायचा तर फोटो मोठा करून फरक शोधायचे. शिलाई, जिभेच्या आतल्या लेबलवरचा आर्टिकल नंबर, तोच नंबर खोक्यावर आहे का, अक्षरांची जाडी. दुसऱ्या प्रश्नाला मात्र फरक मोजून उपयोग नाही. पारले विरुद्ध जे. पी. अँड कंपनी हा सर्वोच्च न्यायालयाचा 1972 चा निकाल त्यासाठी मुळातून वाचाच. पारलेच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर शेतवाडीचं चित्र होतं, मधोमध बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई-कोंबड्या. समोरच्याच्या वेष्टनावरही मुलगी होती, पण तिच्या डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा. गाई-कोंबड्याही वेगळ्या काढलेल्या. खालच्या कोर्टांनी हे फरक मोजले आणि दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोन वेष्टनं शेजारी शेजारी ठेवून बघायचीच नाहीत. आकार, रंगसंगती आणि चित्राची ठळक मांडणी तीच आहे, एक पाहून गेलेला माणूस पुढे दुसरं बघेल तेव्हा फसू शकेल. पारले जिंकली.

म्हणून दुसऱ्या प्रश्नासाठी मी मुलांना सांगते, अस्सल मालाचा फोटो स्क्रीनवरून काढा, चहा पिऊन या आणि मग दुकानातला फोटो हातभर लांबून बघा.

आता एक प्रकरण. अशील परदेशी बूट कंपनी, नाव सांगता येत नाही. फोटो मिरजेच्या एका दुकानातला: काळा रनिंग बूट, जाळीचं कापड, जाड पांढरा तळ. लांबून बघितलं तर अशिलाचं गेल्या वर्षीचं मॉडेल. नव्या सहकाऱ्याने शेरा मारला, ‘नकली, पोलिसात तक्रार करावी.’

मी त्याला आधी फोटोत दिसणारी सगळी चिन्हं कागदावर उतरवायला लावली. जिभेवर आणि टाचेवर अशिलाचं नाव नव्हतं, दुसरंच नाव ठळक होतं. बाजूच्या पट्ट्याला दोन समांतर रेघा होत्या. अशिलाचा पट्टा एकच, वळणदार, टाचेकडे निमुळता. मग आम्ही ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या मोफत सार्वजनिक शोधात गेलो. पादत्राणं 25 व्या वर्गात येतात. तिथे नावाचा शोध घेतला, उच्चारसाम्याचाही घेतला, आणि चित्रचिन्हासाठी व्हिएन्ना कोड, म्हणजे चित्रांच्या वर्गवारीचा आकडा लावला. बुटावरचं नाव दुसऱ्या एका उत्पादकाच्या नावावर नोंदलेलं निघालं. शोधात ‘Registered’ दिसतं की ‘Objected’, म्हणजे अर्जावर आक्षेप निघालेला, हे नीट वाचायचं. बुटावर गोलातला आर छापलाय म्हणून नोंदणी आहे असं धरून चालू नका. नोंदणी नसताना तो छापणं हेच ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 107 खाली दंडाला पात्र आहे.

राहिला आकार. ‘पण तळ तर हुबेहूब आहे ना मॅडम,’ असं तो दोनदा म्हणाला. आहेच. पण बुटाचा आकार आपोआप कुणाच्या मालकीचा होत नाही. डिझाइन कायदा 2000 खाली भारतात नोंदणी केली असेल तर 10 वर्षं आणि वाढवून घेतली तर आणखी 5 वर्षं संरक्षण मिळतं. नोंदणीच्या अर्जाआधी ते डिझाइन जगात कुठेही जाहीर झालं असेल तर नवेपणा संपतो आणि नोंदणी टिकत नाही. पकड मिळावी म्हणून पाडलेल्या खाचांसारखी निव्वळ कामाची गोष्ट तर डिझाइनमध्ये धरलीच जात नाही. त्या मॉडेलची भारतात डिझाइन नोंदणी नव्हती. कॉपीराइटचाही आधार मिळेना, कारण नोंदता येण्यासारखं डिझाइन न नोंदवता 50 पेक्षा जास्त नग यंत्राने काढले की त्यावरचा कॉपीराइट संपतो. आकारच ओळखीचा झालाय म्हणून ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे स्वतःचा माल दुसऱ्याचा म्हणून खपवल्याचा दावा लावता येतो, पण मग गिऱ्हाईक त्या आकारावरूनच कंपनी ओळखतं हे सिद्ध करावं लागतं. समोर दुसरं नाव एवढं ठळक असताना ते जड जातं.

शेरा बदलला: नकली नाही, फसवं साम्यही नाही, कारवाई नको. हे कंपनीला स्पष्ट लिहिणं फार महत्त्वाचं आहे. पायाहीन धमकीची नोटीस गेली, तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 142 खाली दुकानदार उलट दावा लावू शकतो. आणि त्याच्या दुकानावर पोलीस आले ही बातमी गावात राहते, माल स्वच्छ निघाला तरी.

त्याच फोटोत खालच्या फळीवर मात्र आणखी एक जोड होता, आणि पहिल्या जोडाच्या नादात तो कुणी बघितलाच नव्हता. त्याचा पट्टा अशिलाचाच, तसूभर फरक नाही. टाचेवर जिथे नाव येतं तिथे किमतीचा स्टिकर. शेजारी कोरं पांढरं खोकं. नाव अंगठ्याने, स्टिकरने किंवा धूसर करून झाकलेलं असेल तर सावध व्हा. ऑनलाइन विक्रीत उलटंही होतं. फोटो कंपनीच्या साइटवरून उचललेला, अस्सल मालाचा, आणि घरी येतो भलताच जोड. म्हणून हातात धरून काढलेला फोटो मागवायचा.

तरीही फोटोवरून ‘नकलीचा संशय’ यापुढे लिहायचं नाही. चिन्ह दिसतं, पण ते लावायची परवानगी होती की नव्हती हे फोटोत दिसत नाही. माल परदेशातून रीतसर आणलेला अस्सलही असू शकतो. खोक्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क असायला हवा, तो बघायचा. बारकोड 890 ने सुरू होतो म्हणजे माल भारतात बनला, असं नाही. तो नंबर भारतातल्या संस्थेने दिला एवढंच त्यातून कळतं.

पुढचं पाऊल म्हणजे बिल घेऊन एक जोड विकत आणायचा. तो कंपनीच्या तांत्रिक माणसाकडे पाठवून लेखी अहवाल घ्यायचा. मग तक्रार. नकली चिन्हाचा माल विकल्यास 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे. पण वॉरंटशिवाय छापा घालायचा तर अधिकारी डीवायएसपी दर्जाच्या खालचा चालत नाही, आणि त्याला आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. त्या मताच्या अर्जाला बिल, अहवाल, नोंदणीचा उतारा आणि दोन्ही मालांचे सगळ्या बाजूंचे फोटो जोडा. खालच्या फळीवरच्या जोडाची फाइल आम्ही याच क्रमाने लावली.