इन्सुलिन पेन आणि अंधुक नजर: एकटे राहणाऱ्यांनी या चुका टाळा

पेनाचं बटण फिरवलं की क्लिक वाजतं आणि एक क्लिक म्हणजे एक युनिट. मग आकडा दिसला नाही तरी काय बिघडलं, सोळा वेळा वाजलं की झालं. लातूर-परभणीकडच्या गावांतून औषधं न्यायला येणाऱ्या कितीतरी आजोबा-आजींचा हा हिशेब असतो. मुलं पुण्याला, घरात दुसरं कोणी नाही, डोळ्यांचा पडदा साखरेनं खराब झालेला किंवा मोतीबिंदू पिकायला आलेला. त्यांचा नाइलाज समजतो. पण नुसत्या क्लिकवर डोस घेऊ नका, असं पेनासोबतच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं आणि त्याला कारणं आहेत.

नुसते क्लिक मोजणं

क्लिक पेन पुढे फिरवतानाही वाजतं आणि मागे फिरवतानाही. चुकून दोन मागे गेले तरी कानाला ते दोन पुढेच गेल्यासारखे वाटतात. दारातून हाक आली, कूलर घरघरला, की मोजणी तुटते. काही पेनांत एक क्लिक अर्ध्या युनिटाचं असतं, त्यामुळे पेन बदललं की जुनी सवय घात करते.

सगळ्यात मोठी चूक मात्र सुरुवातीच्या आकड्याची. आधीच्या वेळी बटण पूर्ण दाबलं गेलं नसेल तर पेनावरच्या आकड्याच्या खिडकीत शून्याऐवजी चार उभा असतो. तिथून सोळा क्लिक मोजले की वीस युनिट होतात. म्हणून पेन हातात घेतलं की आधी भिंगातून खिडकी बघायची. शून्य नसेल तर मागच्या वेळचं औषध पूर्ण गेलं नव्हतं हे ओळखायचं, वहीत खूण करायची, मग बटण अडेपर्यंत मागे फिरवून शून्यावर आणायचं आणि मोजायला सुरुवात करायची. राहिलेलं औषध या डोसात जोडायचं नाही.

क्लिकचा खरा उपयोग पडताळणीसाठी आहे. भिंगातून सोळा दिसला आणि मोजणीतही सोळा आले तरच सुई टोचायची. दोन्ही जुळत नसतील तर पुन्हा शून्यावर. पंखा, टीव्ही बंद ठेवा आणि बटण सावकाश फिरवा. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांनाही क्लिकचा हलका झटका बोटाला कळतो. एकट्यानं सुरू करण्याआधी मुलासमोर किंवा सुनेसमोर, सुई न लावता, पुन्हा पुन्हा डोस लावून दाखवा. एकदा जरी आकडा चुकला तरी ती व्यक्ती एकटी डोस लावायला अजून तयार नाही.

पेन किती दिवस पुरतं याकडे लक्ष नसणं

पेनात 3 मिली औषध असतं आणि नेहमीच्या 100 ताकदीच्या, म्हणजे एका मिलीत 100 युनिट असलेल्या, इन्सुलिनचे त्यात 300 युनिट होतात. परभणी जिल्ह्यातल्या एका निवृत्त गुरुजींचं उदाहरण घ्या. मिश्र इन्सुलिन, सकाळी 16 आणि रात्री 10. प्रत्येक वेळी टोचण्याआधी 2 युनिट हवेत सोडून बघायचे, म्हणजे दिवसाचे 26 अधिक 4, एकूण 30. पेन दहाव्या दिवशी संपायला हवं, एखादा डोस इकडेतिकडे.

गुरुजींची सकाळची साखर अडीचशेच्या खाली येईना. डॉक्टर डोस वाढवायच्या बेतात होते. तेवढ्यात मुलगा गावी आला आणि त्यानं पेन पाहिलं. बारा दिवस झाले होते, तरी नळीच्या खुणांवर साधारण 80 युनिट शिल्लक.

"बाबा, रोज घेता ना?"

"अरे, एक दिवस चुकवला नाही."

ते खरंच बोलत होते. बारा दिवसांत 220 गेले म्हणजे रोजचे अठरा-एकोणीस. मुलानं समोर बसून डोस घेताना पाहिलं तेव्हा उलगडा झाला. सांधे आखडलेल्या अंगठ्यानं बटण शेवटपर्यंत दाबलं जात नव्हतं, दर वेळी तीन-चार युनिट आतच राहत होते. पुढच्या वेळी गुरुजी बटण मागे फिरवून शून्यावर आणत, त्यामुळे राहिलेलं औषध कधी अंगात जातच नव्हतं. शिवाय आधी 2 युनिट सोडून बघणं त्यांनी 'औषध वाया जातं' म्हणून बंद केलं होतं.

समजा डॉक्टरांनी डोस वाढवून दिला असता आणि पुढे कोणीतरी बटण नीट दाबायला शिकवलं असतं, तर वाढीव डोस पूर्ण अंगात जाऊन साखर धोकादायक खाली आली असती. साखर उतरत नाही म्हटल्यावर डोसाआधी हात तपासायचा तो यासाठीच. चूक दुरुस्त झाल्यावरही डॉक्टरांना कळवायचं आणि काही दिवस साखर जास्त वेळा मोजायची, कारण आता पहिल्यांदाच पूर्ण औषध जाणार असतं.

म्हणून नवं पेन काढलं की कॅलेंडरवर ठळक मार्करनं गोल करा आणि संपण्याच्या दिवशी दुसरा. पेन त्या दिवसाच्या बरंच पुढे पुरलं तर औषध कमी जातंय. आधीच संपलं तर डोस जास्त जातोय किंवा दोनदा घेतला जातोय. मुलगा फोनवरसुद्धा विचारू शकतो, "आज पेन संपलं का?"

बटण दाबताना अंगठ्याचा मधला भाग टेकवायचा, शून्य आलं की दहापर्यंत सावकाश मोजायचं आणि मगच सुई बाहेर काढायची. अंगठ्यात जोरच नसेल तर हलक्या दाबानं चालणारी स्प्रिंगची पेनं मिळतात. पण सगळी इन्सुलिन त्यात येत नाहीत, तेव्हा बदल डॉक्टरांना विचारूनच.

आतलं टोपण तसंच राहणं

पेन वेळेवर संपलं म्हणजे औषध अंगात गेलंच असं मात्र नाही. सुईला दोन टोपणं असतात. बाहेरचं मोठं, आणि आत सुईवर बसलेलं बारीक नळीसारखं. नजर कमी असली की मोठं निघतं आणि बारीक तसंच राहतं. अंगावर टेकवून बटण दाबलं की आकडा शून्यावर येतो, क्लिक वाजतात, औषध मात्र त्या टोपणात साचतं. टोचलेलं जाणवलं नाही तर 'सुई किती बारीक आहे' असं वाटतं.

यावर सोपा उपाय म्हणजे काढलेली दोन्ही टोपणं वाटीत टाकायची आणि टोचण्याआधी चाचपायची. दोन हाताला लागली नाहीत तर पुढे जायचं नाही. दुसरी खात्री थेंबाची. सुई वर धरून, नळीला नखानं टिचक्या मारून, 2 युनिट लावून दाबायचे. मागे काळं कापड धरून बाजूनं टॉर्च मारला की पारदर्शक थेंब चमकतो. थेंब आला नाही तर पुन्हा करून बघा, तरी नाही आला तर सुई बदला. सुई दर वेळी नवीच हवी. वापरलेली सुई पेनाला तशीच ठेवली तर औषध गळतं, हवा आत शिरते आणि सुई तुंबतेही.

हातात धरायचं भिंग

एका हातात पेन आणि दुसऱ्यात भिंग धरलं तर बटण फिरवायचं कशानं? त्यापेक्षा पायावर उभं राहणारं, दिवा असलेलं भिंग टेबलावर ठेवावं. काही पेनांवर खिडकीपुढे बसणारं छोटं भिंगही अडकवता येतं, पण ते त्याच पेनाचं हवं. मोबाईलचा कॅमेरा मोठा करून बघणं, किंवा फोटो काढून मुलाला पाठवून त्याचं उत्तर येईपर्यंत थांबणं, हेही चांगलं. पेनाखाली गडद रंगाचा टॉवेल पसरला की पडलेली टोपणंही सापडतात. बऱ्याच पेनांवर फक्त सम आकडे छापलेले असतात, विषम युनिटसाठी मधे रेघ असते. ती रेघ अंधुक नजरेला दिसणं अवघड, म्हणून विषम डोस असेल तर डॉक्टरांना तसं सांगावं.

साखर चढ-उतार झाली की डोळ्यातल्या भिंगाचा आकार बदलतो आणि नजर दिवसागणिक फिरते. काल आकडा दिसला म्हणजे आज दिसेलच असं नाही. अचानक अंधारी, घाम आणि थरथर असेल तर इन्सुलिन बाजूला ठेवून आधी साखर मोजा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. मोजता येत नसेल तर मोजायची वाट न बघता साखर घ्या.

तयार भरलेलं पेन सोडून कार्ट्रिज

नजर कमी असलेल्यांसाठी मी तयार भरलेलं पेनच सुचवतो. महाग पडतं, पण औषधाची नळी, म्हणजे कार्ट्रिज, बदलायची भानगड नाही आणि त्यात बहुतेक वेळा शिल्लक असेल त्याच्या पुढे बटण फिरतच नाही. सोळा लावायचे आणि अकरावर अडलं तर पेन संपलं, नवं काढा. कार्ट्रिजच्या पेनात शिल्लक स्वतःच बघावी लागते.

दोन प्रकारची पेनं असतील तर जेवणाआधीच्या पेनाला जाड रबरबँड, आणि दुसरं वेगळ्या खोलीत. रंगावर भरवसा नको. पेनातलं औषध सिरिंजनं काढायचं तर अजिबात नाही. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्या 40 ताकदीच्या आणि त्यांच्या सिरिंजही 40 च्या. त्या सिरिंजच्या 10 च्या खुणेपर्यंत पेनातलं औषध ओढलं तर 25 युनिट जातात.

मिश्र इन्सुलिन दर वेळी तळव्यांत दहा वेळा गोल फिरवून आणि दहा वेळा उलटसुलट करून एकजीव करायचं. मिसळलंय की नाही ते दिसत नाही, म्हणून मोजून करा. वापरातलं पेन 30 अंशांखाली ठेवायचं असतं आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या घरात ते जमत नाही. हवाबंद डब्यात घालून तो डबा माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवा. न उघडलेली पेनं फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यापासून लांब.

'घेतलं की नाही' आठवेना म्हणून पुन्हा घेणं

गोळ्यांचा सात दिवसांचा, सकाळ-रात्र कप्प्यांचा डबा आणा. आठवड्यातून एकदा कोणाकडून तरी प्रत्येक कप्प्यात एक-एक नवी सुई भरून घ्या. कप्पा रिकामा असेल तर डोस झाला. शंका आली तर पुन्हा टोचू नका, साखर मोजा आणि डॉक्टरांना फोन करा. चुकलेल्या डोसापेक्षा दोनदा गेलेला डोस एकट्या माणसाला जास्त लवकर संकटात टाकतो.

दिव्याच्या भिंगातूनही आकडा आणि काळ्या कापडापुढे थेंब दिसत नसेल तर त्या माणसानं एकट्यानं पेन वापरू नये. तेव्हा डॉक्टरांना विचारायचं ते हेच: दिवसातून एकदाच घ्यायचं इन्सुलिन चालेल का, आणि शेजारची सून किंवा उपकेंद्रातली नर्स ज्या वेळी येऊ शकते ती वेळ धरता येईल का? डोळ्यांच्या पडद्याची तपासणी राहिली असेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात ती करून घ्या. मोतीबिंदूच असेल तर शस्त्रक्रियेनंतर खिडकीतला आकडा पुन्हा वाचता येण्याची चांगली शक्यता असते.