५.४ म्हणजे साडेपाच फुटाच्या आतलं नेमकं किती सेंटीमीटर?

गावातल्या पोलीस भरतीवाल्या पोट्ट्यांची लिस्ट एक्सेलमधी बनवत होतो, उंची सगळ्यांनी ५.४, ५.१० अशी लिहून देल्ली, मी सरळ ३०.४८ नं गुणलं न तिथंच चुकलं. ५.४ म्हणजे ५ फूट ४ इंच, फुटाला इंच १२ असतात म्हणून हा दशांश नाही. एका पोट्ट्याचे गुणून १६४.५९ आले, म्हणजे १६५ ला टेकलाच वाटते, पण खरी उंची १६२.५६, न पुरुषांना १६५ लागते.

फूट वेगळे, इंच वेगळे काढा, उंची A2 मधी असन तर:

```
=LEFT(A2,FIND(".",A2)-1)*30.48+MID(A2,FIND(".",A2)+1,2)*2.54
```

पण टाईप करायच्या आधी A कॉलमचा फॉरमॅट Text करा भाऊ, नाहीतर एक्सेल ५.१० चं ५.१ करून टाकते, न ५ फूट १० इंचवाला १७७.८ वरून १५४.९४ वर येते! ओळखायची खूण म्हणजे आकडा सेलमधी उजवीकडं सरकला की तो नंबर झाला, टेक्स्ट डावीकडंच राहते. शून्य एकदा गेलं की मग फॉरमॅट बदलूनही परत येत नाही, त्या पोट्ट्यालेच फोन करून विचारा.

फॉर्म्युल्याचा कॉलम मात्र General ठेवा, Text असला तर उत्तराऐवजी फॉर्म्युलाच दिसते. नुसतं ५ लिहिलं असन तर #VALUE! येते, तिथं ५.० करा. आकडे इंग्रजीतच टाका, 5.4 असे.