थायरॉइडची गोळी अंगात किती साठते, हे वहीवर काढायचं कसं?

सोलापुरात औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर बसलं की हे वाक्य हमखास कानावर पडतं: "गोळी वाढवून आठ दिवस झाले की ओ, तरी रिपोर्ट वरच!" पाठोपाठ शेजारणीचा सल्ला येतो, "मग दोन घे." हा सल्ला का चुकीचा आहे, हे साध्या गणितातून दिसतं. वही आणि मोबाइलचा कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

पहिली पायरी. अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ म्हणजे त्या औषधाचं अर्धायुष्य, म्हणजेच हाफ लाइफ. थायरॉइडच्या गोळीतलं औषध म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. त्याचं अर्धायुष्य साधारण 7 दिवस असतं, पॅरासिटामॉलचं दोन-तीन तास.

दुसरी पायरी. आधी सोपं उदाहरण सोडवा. एका औषधाचं अर्धायुष्य 12 तास आहे आणि दर 12 तासांनी 100 मिलिग्रॅम घ्यायचं आहे. पहिल्या गोळीनंतर अंगात 100. पुढच्या गोळीपर्यंत 50 उरले, गोळी घेतली की 150. त्याचे झाले 75, मग 175. पुढे 187.5, मग 193.75. वाढ दर वेळी निम्मी होत जाते आणि 200 जवळ थांबते. तिथे 12 तासांत निम्मं, म्हणजे 100 जातं आणि नेमकं तेवढंच गोळीतून येतं. यालाच स्टेडी स्टेट म्हणतात.

तिसरी पायरी. खरी गाडी अडते ती इथे. गोळी रोज घ्यायची आणि अर्धायुष्य 7 दिवसांचं, म्हणजे दोन गोळ्यांमध्ये औषध निम्मं होतच नाही. मग किती साठेल? पुस्तकात सूत्र असतं आणि मुलं ते घोकतात. मी घोकू देत नाही. एकच प्रश्न विचारा: एका दिवसात किती टक्के जातं?

कॅल्क्युलेटरवर 0.5 चा घात 1÷7 काढा. उत्तर येतं 0.9057. म्हणजे उद्यापर्यंत 90.57 टक्के उरतं आणि 9.43 टक्के जातं. स्टेडी स्टेटला जाणारं आणि येणारं सारखं हवं. रोज 50 मायक्रोग्रॅमची गोळी असेल, तर ज्या साठ्याचे 9.43 टक्के म्हणजे 50, तो साठा शोधायचा. 50 ÷ 0.0943, म्हणजे सुमारे 530. एका गोळीच्या दहापटीहून जास्त! (गोळीतलं सगळं औषध रक्तात उतरतं असं इथे धरलंय. प्रत्यक्षात थोडं कमी उतरतं, पण पट तीच राहते.)

आता डॉक्टरांनी 50 ची गोळी 75 केली. नवा साठा 75 ÷ 0.0943, सुमारे 795. जुन्या आणि नव्यात अंतर 265 चं. दर अर्धायुष्यात यातलं निम्मं अंतर कापलं जातं. आठवड्यानंतर साठा 662 च्या आसपास, दोन आठवड्यांनी 729, तिसऱ्याला 762, चौथ्याला 778, पाचव्याला 787. पाच अर्धायुष्यांत 97 टक्के अंतर संपतं.

गोळी 75 ऐवजी 100 केली असती तरी पाचच आठवडे लागले असते. डोस वाढवला की साठा कुठे थांबणार ते बदलतं, तिथे पोचायचा वेळ बदलत नाही. शेजारणीचा सल्ला इथेच फसतो. आठव्या दिवशी अर्धं अंतरही जेमतेम कापलेलं असतं. त्यात दोन गोळ्या सुरू केल्या तर साठा 795 ऐवजी 1590 कडे निघतो, आणि धडधड, घाम, झोप उडणं हा त्रास काही आठवड्यांनी, कारण विसरल्यावर सुरू होतो. शिवाय रिपोर्टमध्ये वर दिसतो तो टीएसएच, हा मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीचा प्रतिसाद. तो थायरॉक्सिनच्याही मागून सावकाश खाली येतो. म्हणून डोस बदलल्यावर तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी सांगतात. आठवड्यात केलेल्या तपासणीचे पैसे वाया गेले समजा.

आता तुम्ही सोडवा. हृदयाचं औषध डिगॉक्सिन, रोज 0.25 मिलिग्रॅम. मूत्रपिंड धड असताना अर्धायुष्य 36 तास धरा, निकामी असताना 4 दिवस. दोन्हींत साठा किती आणि वेळ किती?

पहिल्यात 0.5 चा घात 24÷36 म्हणजे 0.63. रोज 37 टक्के जातं, साठा 0.68 मिलिग्रॅम, वेळ साडेसात दिवस. दुसऱ्यात रोज जेमतेम 16 टक्के जातं, साठा 1.57, वेळ 20 दिवस. गोळी तीच, साठा सव्वादोन पटीहून जास्त. पहिला आठवडा ठीक गेला म्हणून अशा पेशंटला "सोसतंय" म्हणू नये. मळमळ, नाडी मंदावणं, दिसताना पिवळसर झाक येणं हे पुढच्या दोन आठवड्यांत उगवू शकतं.

हे गणित फेनिटॉइनला मात्र लावू नका. फिट्सच्या या औषधाचा निचरा करणारी यकृतातली विकरं नेहमीच्या डोसलाच भरत येतात, त्यामुळे साठा वाढला की निचऱ्याचे टक्के घटतात आणि अर्धायुष्यच लांबतं. डोस थोडासा वाढवला तरी रक्तातली पातळी दुप्पट होऊ शकते. तिथे वहीवर भरवसा न ठेवता रक्तातली पातळीच मोजावी लागते.