जोडीदार परीक्षेला बसलाय? मदत करा, पण दाखवून नको

आमच्याकडे अभ्यास नवऱ्याचा होता, नोकरी आणि घर माझ्याकडे. मोठी प्रोफेशनल परीक्षा, नोकरी सोडून पूर्णवेळ तयारी. ज्यांच्या घरी हे आत्ताच सुरू झालंय त्यांच्यासाठी लिहितेय, म्हणजे जो अभ्यास करतोय त्याच्यासाठी नाही, शेजारच्या खोलीत आवाज न करता वावरणाऱ्या माणसासाठी. टाइमटेबल कसं करायचं वगैरे सांगणारे भरपूर आहेत त्यामुळे ते सोडून देते, मला फक्त मदत कशी करायची याबद्दल बोलायचंय कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

आधी एक रिसर्च सांगते, कारण तो नेमका आपल्यासारख्या जोड्यांवर झालाय. नायल बोल्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली एक अभ्यास छापला होता. वकिलीची बार परीक्षा देणारे लोक आणि त्यांचे जोडीदार, दोघांनी परीक्षेच्या आधीचा महिनाभर रोज वेगवेगळी डायरी भरायची. आज तुला आधार मिळाला का हे एकाला विचारायचं, आज तू आधार दिलास का हे दुसऱ्याला. आता आपल्याला वाटेल की मदत मिळाली की माणूस खूश, पण निघालं उलटंच. जोडीदार म्हणतोय मी मदत केली आणि परीक्षा देणाऱ्याला ती जाणवलीच नाही, अशा वेळी त्याचं मन सगळ्यात बरं राहिलं. आणि जी मदत त्याला दिसली, तिच्यानंतर तो उलट जरा जास्तच खचलेला. कारण विचार केला तर कळतं, दिसणारी मदत सोबत एक निरोप घेऊन येते, की तुला एकट्याला झेपत नाहीये. शिवाय उपकाराचं ओझं वेगळंच.

म्हणजे प्रत्यक्षात काय, तर काम तेच पण गाजावाजा नाही. "तू अभ्यास कर, मी बघते सगळं" हे वाक्य प्रेमाचं आहे पण दिवसातून चारदा ऐकलं की ते बिल वाटायला लागतं. त्यापेक्षा त्याने विचारायच्या आत गोष्ट झालेली असावी. प्रिंटरमध्ये कागद आहेत, परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख आपल्याही कॅलेंडरमध्ये आहे, पाहुण्यांना नाही म्हणायचं ते आपण परस्पर म्हणून टाकलंय आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. माझ्या एका मैत्रिणीने नवऱ्यासाठी रंगीत टाइमटेबल बनवून भिंतीवर लावलं, रोज संध्याकाळी टिक करायची. आठवड्याभरात तो टिक करण्यासाठी अभ्यास करायला लागला, म्हणजे सोपे धडे आधी आणि अवघड तसेच पडून.

आपल्या मदतीची देखरेख झालीये हे कसं ओळखायचं? माझ्या मते सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे न विचारता हिशेब यायला लागतो. आपण पाणी प्यायला किचनमध्ये गेलो की तो आतून सांगतो, "आत्ताच उठलो हं, दोन तास सलग झाले." किंवा आपली चाहूल लागली की फोन उलटा ठेवला जातो. असं दिसलं की समजायचं, आपण घरातले सुपरवायझर झालोय. मग काही दिवस अभ्यासाबद्दल एकही प्रश्न नाही, "कसा झाला आज?" हा तर अजिबात नाही.

आता मॉक टेस्टचा दिवस, कारण खरी कसोटी तेव्हा असते. समजा रविवारी सकाळी पूर्ण लांबीचा पेपर, दुपारी स्कोअर, आणि स्कोअर मागच्यापेक्षा कमी. चेहऱ्यावरूनच कळतं. इथे दोन गोष्टी तोंडातून लगेच निघतात, एक "काही नाही रे, पुढच्या वेळी होईल" आणि दुसरी "कुठे चुकलं?" दोन्ही थोडा वेळ गिळायच्या. आम्ही शांत डोक्याने, टेस्ट नसलेल्या दिवशी ठरवून टाकलं होतं की स्कोअर तो स्वतः सांगेल तेव्हाच, आणि मी फक्त एवढंच विचारणार, "बोलायचंय की नुसतं बाहेर चक्कर मारायची?" बहुतेक वेळा चक्कर. चालताना गप्पा माझ्या ऑफिसच्या, तिथल्या भांडणांच्या. बऱ्याचदा परत येताना तोच सुरू करायचा.

पेपरचं अ‍ॅनालिसिस दुसऱ्या दिवशी, आणि ते त्याचं काम. चुका तीन ढिगात वाटायच्या, माहीतच नव्हतं, माहीत होतं पण चुकलं, आणि वेळ पुरला नाही. कमी स्कोअर म्हणजे "मला काहीच येत नाही" असं वाटत असतं, आणि वाटून झाल्यावर दिसतं की अर्ध्याहून जास्त चुका दुसऱ्या ढिगातल्या आहेत, म्हणजे नवीन पुस्तक नकोय, प्रश्न नीट वाचण्याची सवय हवीये. हे त्याचं त्याला दिसलं तर उपयोग, आपण बोट दाखवून सांगितलं की भांडण.

एका ठिकाणी मात्र थेट मदत चालते, ती म्हणजे तोंडी प्रश्न विचारणं. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून उत्तर दिलं की जास्त दिवस लक्षात राहतं. पण प्रश्न-उत्तरांची कार्ड त्यानेच बनवलेली हवीत आणि वीसेक मिनिटांच्या वर नको. उत्तर चुकलं तर कार्डावरचं वाचून दाखवायचं आणि पुढे जायचं, "अरे हे तर कालच केलं होतंस" हे बोलायचं नाही!

पण या न दिसणाऱ्या मदतीची एक किंमत आहे जी कोणी सांगत नाही. जे त्याला दिसतच नाही त्याचं कौतुक तो कुठून करणार, आणि आपण तर मनात सगळं मोजत असतो. त्यावर उपाय म्हणजे मदत दोन्हीकडून वाहू द्यायची. डायऱ्यांवरच्याच 2003 च्या एका अभ्यासात दिसलं की नुसती मदत घेतली त्या दिवशी माणसाला जड वाटतं, पण घेतली आणि दिलीसुद्धा तर ते जडपण कमी होतं. म्हणून त्याला घरातून पूर्ण सुट्टी देऊ नका. एक काम त्याचंच राहू दे, आमच्याकडे कपडे धुवून वाळत घालणं त्याच्याकडे होतं, आणि माझा दिवस वाईट गेला की मी त्याला सांगायचे, अभ्यास आहे म्हणून लपवायचे नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ परीक्षेचा विषय बंद. आणि जवळ घेणं वगैरे चालूच ठेवा, दिसणारा आधार मनाला जड झाला तरी त्याने जवळीक वाढते असंही या अभ्यासांत आलंय, त्यामुळे सगळंच लपूनछपून करायची गरज नाही.

शेवटच्या दोन आठवड्यांत तो चिडेल. त्या बार परीक्षेवाल्या जोड्यांमध्येही असं दिसलं की परीक्षा जवळ आली तसा परीक्षा देणाऱ्याच्या उदासीचा, जोडीदाराला नात्याबद्दल काय वाटतं यावर होणारा परिणाम कमी होत गेला, म्हणजे जोडीदार समजून घेतात की हे माझ्यावर नाहीये. पण चिडचिड वेगळी आणि बरेच दिवस झोप नाही, जेवण सुटलंय, "जगून काय करायचं" असली भाषा, हे वेगळं. तिथे गुपचूप मदत बास, समोर बसून स्पष्ट बोलायचं आणि लगेच डॉक्टरकडे, परीक्षा राहिली तरी चालेल.

आणि एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा, पेपर झाल्यावर त्या रात्री उत्तरं जुळवायची की नाही. आमचं ठरलं होतं की जुळवायची नाहीत, आणि ग्रुपचे मेसेज दुसऱ्या दिवसापर्यंत म्यूट.