जबडा कटकट वाजायचा, दुखायचा: माझा अनुभव

भाकरीचा कडक पापुद्रा चावला की उजव्या कानापुढे कट्ट आवाज यायचा, आणि सकाळी उठलं की कानशिलं इतकी जड की तोंड धड उघडायचं नाही. मला वाटलं अक्कलदाढ, पण एक्सरेत दाढ ठीक निघाली. डेंटिस्टनी कानापुढे दोन बोटं ठेवून तोंड उघडझाप करायला लावलं, तिथे सांध्यातली छोटी गादी पुढे सरकते आणि तोंड उघडताना परत जागेवर येते, तोच तो आवाज. नुसता आवाज असेल, दुखत नसेल तर काही करायचं नाही म्हणाल्या. माझं दुखणं मात्र स्नायूंचं होतं, झोपेत आणि लॅपटॉपवर काम करताना मी दात आवळून धरायचे.

मग स्क्रीनच्या कडेला एक लाल टिकली चिकटवली, ती दिसली की ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर टाळूला. तीनेक आठवडे मऊ भात, खिचडी, भाकरी दुधात कुस्करून, चिंगम आणि सुपारी बंद, जांभई आली की हनुवटीखाली मूठ. रात्री गरम ओल्या फडक्याने १५ मिनिटं शेक. आवाज मुद्दाम काढून बघायची सवय सोडणं सगळ्यात अवघड गेलं, खरंच.

दीड महिन्यात दुखणं गेलं, कट्ट अजून कधीकधी होतं. पण आवाज अचानक बंद होऊन तोंडात दोनच बोटं जायला लागली, किंवा जबडा अडकला, तर घरी शेकत बसू नका, लगेच दाखवा.